नाव बदलायचं की सुरुवात?

सोलापुरात टॉवेलचा कारखाना चालवणाऱ्या भाच्याला वीस हॉटेलांना मेल पाठवायचे होते. मसुदा एकच. फक्त नाव बदलू की सुरुवात नव्याने लिहू, असं त्याने विचारलं.

नाव बदलायला सगळे मिळून अर्धा तास. पण चिकटवलेलं नाव वेगळ्याच फॉन्टमध्ये उठून दिसतं, आणि पठ्ठ्याने एकाला दुसऱ्याचंच नाव पाठवलं होतं! शिवाय "आपली नामांकित संस्था" कुणालाही लागू पडतं.

सुरुवात लिहायला दर मेलला दहा मिनिटं. "तुमच्या जलतरण तलावासाठी गडद रंगाचे मोठे टॉवेल देऊ" ही ओळ तलाव नसलेल्या हॉटेलला पाठवताच येत नाही. खालचे दर, टॉवेलचं जीएसएम म्हणजे दर चौरस मीटरचं वजन, मुदत तेच राहू द्यायचं.

नुसतं दरपत्रक मागणाऱ्या जुन्या गिऱ्हाइकाला पहिली रीत पुरे, अनोळखी हॉटेलला दुसरीच.