एका अ‍ॅनालॉग पिनवर आठ सेन्सर: मल्टिप्लेक्सर की एडीएस1115?

नोडएमसीयू बोर्डावर अ‍ॅनालॉग पिन एकच असते आणि कुंड्यांतील ओलावा मोजणारे सेन्सर आठ, तेव्हा निवड करावीच लागते.

खर्चात सीडी4051 मल्टिप्लेक्सर सरस आहे, कारण एकाच चिपमध्ये आठ वाहिन्या मिळतात; मात्र वाहिनी निवडण्यासाठी तीन डिजिटल पिना खर्ची पडतात. एडीएस1115 हे व्होल्टेज स्वतः मोजून आकडा देणारे मॉड्यूल; त्यावर चारच वाहिन्या असल्याने दोन मॉड्यूल लागतात, पण `0x48` आणि `0x49` असे वेगळे पत्ते दिल्यास दोन्ही आय2सीच्या त्याच दोन तारांवर चालतात.

खरा फरक अचूकतेत आहे. मल्टिप्लेक्सर केवळ वाट बदलतो, मोजमाप बोर्डाचेच राहते आणि त्याची पायरी, म्हणजे ओळखता येणारा सर्वांत लहान फरक, सुमारे 3.2 मिलिव्होल्टची असते; ±4.096 व्होल्टच्या पल्ल्यावर एडीएस1115 ची पायरी 0.125 मिलिव्होल्ट असते. शिवाय मल्टिप्लेक्सरची वाहिनी बदलताच घेतलेल्या वाचनात आधीच्या सेन्सरची छाया उरू शकते. कोरड्या कुंडीचा आकडा शेजारच्या ओल्या कुंडीकडे झुकला, तर पहिले वाचन टाकून द्यावे.

कोरडे की ओले एवढेच ठरवायचे असल्यास 4051 पुरेसा आहे. थर्मिस्टरने तापमानातील बारीक फरक टिपायचा असेल, तर एडीएस1115 घ्यावा.