पोस्टग्रेसच्या भरवशावर टिक साठवणे: काही महिने वापरल्यावर

ब्रोकरच्या वेबसॉकेटवरून येणारे भाव घरच्या मशीनवर साठवणाऱ्यांसाठी हा अनुभव लिहितोय. फीड कसं जोडायचं, लॉगिनचं टोकन कुठून मिळतं, हे तुम्हाला येत असणार, ते इथे नाही. माझा सेटअप: जुना मिनी पीसी, त्यावर फुकटचं पोस्टग्रेस, आणि डुप्लिकेट अडवायला एक युनिक इंडेक्स आणि ON CONFLICT DO NOTHING. तयार डेटा विकणारे महिन्याला जे मागतात, त्यात मुलुंडमधल्या आमच्या घराचं लाइटबिल भरून वर उरेल. म्हणून हा खटाटोप.

पहिल्या महिन्यात विचारलं असतंत तर पाच तारे दिले असते. तेव्हा एकच कनेक्शन होतं आणि डुप्लिकेट यायचे ते फक्त लाइन तुटून पुन्हा जोडली की. नव्याने सबस्क्राइब केलं की सर्व्हर प्रत्येक शेअरचा शेवटचा स्नॅपशॉट पुन्हा पाठवतो. तो आपल्याकडे आधीच असतो, इंडेक्स त्याला नाकारतो, विषय संपला.

मग पाऊस सुरू झाला आणि बिल्डिंगचं ब्रॉडबँड दिवसातून कितीदा तरी झोपायला लागलं. मी जुन्या फोनच्या हॉटस्पॉटवरून दुसरं कनेक्शन उघडलं आणि दोन्हीकडून येणारं एकाच टेबलात ओतायला लागलो. खरी परीक्षा तिथून पुढे. एका सकाळी बँकेच्या एका शेअरची मिनिटाची कँडल उघडली तर व्हॉल्यूम साडेअठरा लाखांच्या आसपास. शेजारच्या कँडली वीस-पंचवीस हजारांच्या. बातमी काही नव्हती, भावही जागचा हलला नव्हता.

ब्रोकरच्या सपोर्टला लिहिलं. बऱ्याच दिवसांनी उत्तर आलं की डुप्लिकेट काढणं ही ग्राहकाची जबाबदारी. राग आला, पण त्यात तथ्य आहे. एक्सचेंजचं अस्सल टिक-बाय-टिक फीड प्रत्येक मेसेजवर क्रमांक घालून येतं, आणि तिथे तर एकच माहिती मुद्दाम दोन वाटांनी पाठवतात. क्रमांक बघायचा, आधी आलेला ठेवायचा, दुसरा टाकून द्यायचा. आपल्यासारख्यांना ब्रोकरकडून मिळतात ते स्नॅपशॉट. त्यात शेवटचा भाव, शेवटची क्वांटिटी, शेवटच्या सौद्याची वेळ आणि दिवसाचा एकूण व्हॉल्यूम असतो. क्रमांक नसतो. वेळही फक्त सेकंदापर्यंत.

त्या मिनिटातले मेसेज आले त्या क्रमाने लावून पाहिले, ते असे:

```
ltt       price   qty  vol
10:41:07  812.40   10  1842310
10:41:07  812.45   50  1842360
10:41:07  812.45   50  1842410
10:41:07  812.45   50  1842410
10:41:09  812.60  200  1843900
10:41:08  812.50   25  1842960
```

दुसरी, तिसरी आणि चौथी ओळ बघा. वेळ तीच, भाव तोच, क्वांटिटी तीच. वेळ, भाव आणि क्वांटिटी मिळून की बनवा असं बरेच जण सांगतात. तसं केलं तर तिसरी ओळही डुप्लिकेट म्हणून उडेल. पण ती डुप्लिकेट नाही. एकूण व्हॉल्यूम पन्नासने वाढलाय, म्हणजे तो त्याच भावाला झालेला दुसरा सौदा आहे. चौथ्या ओळीत व्हॉल्यूम हललाच नाही, ती मात्र नक्कल. म्हणजे फीडमध्ये नसलेला क्रमांक खरं तर आपल्या हातात आहे: दिवसाचा एकूण व्हॉल्यूम. तो दिवसभर फक्त वाढतो आणि प्रत्येक सौद्यानंतर बदलतो. म्हणून माझी की अशी: टोकन म्हणजे फीडमधला शेअरचा नंबर, दिवस आणि व्हॉल्यूम, बस. भाव कीमध्ये घेतला नाही आणि मेसेज मशीनवर पोचल्याची वेळ तर अजिबात नाही. पोचल्याची वेळ घेतली की प्रत्येक नक्कल वेगळी दिसते आणि युनिक इंडेक्स नुसता शोभेला उरतो.

या कीची एक मर्यादा आहे. सौदा न होता फक्त बोली बदलल्या, तर व्हॉल्यूम तोच राहतो आणि तो मेसेज गळतो. मला फक्त सौदे हवेत, त्यामुळे चालतं. पाच पातळ्यांची डेप्थ साठवणाऱ्यांनी ती वेगळ्या टेबलात, वेगळ्या कीने ठेवावी.

आता शेवटच्या दोन ओळी. ९ व्या सेकंदाचा मेसेज ८ व्याच्या आधी पोचलाय. एका वेबसॉकेटच्या आत असं होत नाही, खालचं टीसीपी क्रम सांभाळतं. दोन कनेक्शन एकत्र केली, किंवा आपल्याच प्रोग्रॅममध्ये मेसेज दोन-तीन थ्रेडना वाटून दिले, की होतं. सीएसएमटीहून आधी सुटलेली स्लो ठाण्याला फास्टच्या मागून पोचते, तसंच. माझी कँडल बनवणारी स्क्रिप्ट मागच्या आणि पुढच्या व्हॉल्यूममधला फरक घेते. आल्या क्रमाने फरक येतात ५०, ५०, ०, १४९० आणि उणे ९४०. उणे आकडा दिसला की स्क्रिप्ट समजते की नवा दिवस लागला, काउंटर शून्यावर गेला, आणि अख्खे १८,४२,९६० जमा करते. तो डोंगर तिथून आला. क्रम लावून बघा: ५०, ५०, ५५०, ९४०, एकूण १५९०. १८,४३,९०० मधून १८,४२,३१० वजा केले तरी १५९०च. ही पडताळणी प्रत्येक शेअरसाठी रोज संध्याकाळी चालवता येते. फरकांची बेरीज शेवटच्या आणि पहिल्या व्हॉल्यूमच्या वजाबाकीशी जुळली नाही, तर कुठेतरी क्रम मोडलाय.

इथे माझं मत बदललं. डुप्लिकेट अडवण्यात डेटाबेस पक्का आहे, पण क्रमाशी त्याला काही घेणंदेणं नाही. नंतर निवांत वाचायचं असेल तर ORDER BY vol पुरतं. चालू बाजारात कँडल बांधायची असेल तर मेसेज टेबलात जाण्याआधी थोडा थांबवावा लागतो. मी दोन सेकंद थांबवतो. प्रत्येक टोकनची छोटी रांग असते. नवा मेसेज आला की त्याच्या व्हॉल्यूमप्रमाणे रांगेत जागा मिळते, तोच व्हॉल्यूम रांगेत आधीच असेल तर तिथेच फेकला जातो. दोन सेकंद झाली की सगळ्यात लहान व्हॉल्यूमवाला पुढे जातो आणि त्या टोकनचा शेवटचा सोडलेला व्हॉल्यूम म्हणून नोंदला जातो. त्यानंतर त्याहून लहान किंवा तेवढाच व्हॉल्यूम आला, तर तो एकतर नक्कल किंवा फारच उशिराचा. दोन्ही वेगळ्या टेबलात टाकतो, रात्री मुख्य टेबलात ढकलतो, नक्कल असेल तर की अडवते. उशिराचा खरा निघाला, तर त्या मिनिटाची कँडल पुन्हा बांधायची. दिवसभराचे सगळे मेसेज मेमरीत धरून ठेवायची गरज नाही, त्यामुळे जुन्या मशीनवरही ओझं नाही.

ठाण्याच्या मित्राकडे हीच पद्धत पहिल्याच सकाळी आडवी झाली, तेही सांगतो. त्याचा प्रोग्रॅम नऊच्या आधीच सबस्क्राइब करायचा आणि सर्व्हर काल संध्याकाळचा शेवटचा स्नॅपशॉट पाठवायचा, कालच्या पूर्ण व्हॉल्यूमसकट. दिवस मशीनच्या घड्याळावरून घेतला होता. मग आजचे सगळे टिक कालच्या आकड्यापेक्षा लहान, म्हणून सगळे 'उशिराचे', आणि सव्वानऊनंतरही मुख्य टेबल रिकामं. दिवस नेहमी सौद्याच्या वेळेवरून काढा.

आता माझा मुख्य राग: id. तुम्ही म्हणाल हे क्षुल्लक आहे. असेल. पण serial कॉलम ठेवला की पोस्टग्रेस आधी पुढचा नंबर घेतं आणि मग बघतं की रो आधीच आहे. रो नाकारली तरी नंबर परत येत नाही. दोन कनेक्शन म्हणजे निम्मे मेसेज नकला, म्हणजे निम्मे नंबर जळाले. टेबलात id एकाआड एक, मधूनच मोठी भगदाडं. यातून नुकसान काही नाही, डॉक्युमेंटेशनही सांगतं की अशी भगदाडं पडणारच. तरी मला ते बघवत नाही. शिवाय साध्या serial ची मर्यादा २१४ कोटींच्या थोडी वर, आणि ती नकलांवर उधळायची हे माझ्या हिशेबात बसत नाही.

दुसरी खोड NULL ची. निफ्टीसारख्या निर्देशांकाला माझ्या फीडमध्ये व्हॉल्यूम येत नाही, तिथे NULL जातो. युनिक इंडेक्स दोन NULL ना एकमेकांपेक्षा वेगळे मानतो, त्यामुळे निफ्टीच्या नकला बिनबोभाट आत. पोस्टग्रेस १५ पासून NULLS NOT DISTINCT लिहिता येतं. ते इथे लावलं तर उलटं होतं: दिवसभरात निफ्टीची एकच रो टिकते. निर्देशांकाला वेगळं टेबल द्या, त्याची की अशी: टोकन, एक्सचेंजची वेळ आणि किंमत.

शेवटी id कॉलमच काढून टाकला आणि तीन कॉलमांची प्रायमरी की केली. भगदाडं गेली, एक इंडेक्स कमी झाला, डिस्कवर जागा वाचली. प्रायमरी कीत NULL चालतच नाही, म्हणून चुकून निर्देशांक इकडे आला तर सरळ एरर येते. COPY ला ON CONFLICT जमत नाही, म्हणून आधी कच्च्या टेबलात भरतो आणि मग:

```sql
INSERT INTO ticks (token, day, vol, ltt, price)
SELECT token, day, vol, ltt, price FROM stage
ON CONFLICT (token, day, vol) DO NOTHING;
```

किंमत पैशांत, पूर्णांक म्हणून ठेवतो, ८१२.४५ म्हणजे 81245.

पाचपैकी चार तारे. एक कापला तो id साठी, आणि तो मी परत देणार नाही. ब्रोकरच्या फीडला दोन. हॉटस्पॉटवाल्या फोनची बॅटरी फुगलीय, पुढचा खर्च तिथे दिसतोय.