फॉर्म १६चा खोटा मेल आणि ग्रुपवरची घबराट

जूनमध्ये पगारदार माणूस फॉर्म १६ची वाटच बघत असतो. नेमक्या त्याच दिवसांत आमच्या ऑफिसात ‘तुमचा फॉर्म १६ तयार आहे, लॉगिन करून डाउनलोड करा’ असा मेल आला. पाठवणाऱ्याचं नाव एचआरचं, लॉगिनचं पान हुबेहूब आमचंच. अकाउंट्समधल्या एका सहकाऱ्याने पासवर्ड टाकला आणि पाठोपाठ आलेला ओटीपीही. दुपारपर्यंत त्यांच्याच मेलवरून एका ग्राहकाला ‘आमचं बँक खातं बदललं आहे’ असं कळवलं गेलं होतं.

मग व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप पेटला. ‘सगळं हॅक झालंय!!’, ‘कुणीही मेल उघडू नका’, ‘लगेच डिलीट करा’, ‘कुणी केला हा शहाणपणा?’ एकाने सावध करायला म्हणून ती लिंकच ग्रुपवर टाकली आणि आणखी काही जणांनी ती उघडली. मेल डिलीट झाल्याने तो कुणाकुणाला आला होता, हे शोधणं आयटीला जड गेलं. सगळ्यांत वाईट म्हणजे, ज्यांनी पासवर्ड दिला होता ते शरमेने गप्प बसले.

सूचना लिहायचं काम माझ्याकडे आलं. आयटीने ज्याची खात्री दिली तेवढंच ठेवलं. ‘सगळं हॅक झालंय’ याला पुरावा नव्हता, ते काढलं. लिंकऐवजी मेलचा स्क्रीनशॉट जोडला. सूचना अशी गेली:

‘विषय: फॉर्म १६च्या नावाने आलेला बनावट मेल. आज सकाळी काही कर्मचाऱ्यांना सोबतच्या चित्रातला मेल आला आहे. तो एचआरने पाठवलेला नाही. त्यातली लिंक उघडू नये. मेल डिलीट न करता आयटीला कळवावा. पासवर्ड किंवा ओटीपी दिला असल्यास ताबडतोब आयटीला फोन करावा. कळवणाऱ्यावर कोणतीही कारवाई होणार नाही. इतर मेल नेहमीप्रमाणे वापरावेत. पुढची माहिती संध्याकाळी ५ वाजता दिली जाईल.’

कारवाईबद्दलचं वाक्य साहेबांकडून आधी मंजूर करून घेतलं. त्या एका वाक्यामुळेच लोक पुढे आले, असं माझं ठाम मत आहे.

पत्ता कसा ओळखायचा तेही चित्राखाली दिलं. `https://` नंतरच्या पहिल्या तिरक्या रेघेपर्यंतचा भाग घ्यायचा आणि त्याचं शेवटचं टोक बघायचं. `company.co.in.form16-login.example/` यात सुरुवातीला आपलं नाव दिसतं, पण साइट `form16-login.example`ची असते.

नुसता पासवर्ड बदलून भागत नाही. सहकाऱ्याचा पासवर्ड बदलला तरी चोराचं आधीचं लॉगिन चालू होतं, म्हणून सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट करावं लागलं. मेलबॉक्समध्ये त्याने एक नियमही लावून ठेवला होता. त्या ग्राहकाची उत्तरं परस्पर एका आडबाजूच्या फोल्डरमध्ये जात होती, म्हणून कुणाला पत्ताच लागला नव्हता. नियम काढला आणि ग्राहकाला आमच्याकडच्या जुन्या नंबरवर फोन केला. पैसे अजून पाठवले नव्हते. गेले असते तर त्याच मिनिटाला बँकेला आणि सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करायचा, हेही संध्याकाळच्या सूचनेत घातलं.