मास्टवरचा कंपास, आठ महिन्यांनंतर: कॅलिब्रेशन कुठवर पुरतं आणि वायर कुठे नडते

सेटअप असा: ४५० मिमीची क्वाड ड्रोनची फ्रेम, ४एस बॅटरी, आर्डुपायलट चालणारा फ्लाइट कंट्रोलर आणि बाहेरचा जीपीएस-कंपास मॉड्यूल. तो सुरुवातीला वरच्या प्लेटवरच चिकटवलेला होता, नंतर मास्टवर, म्हणजे प्लेटवरच्या उभ्या दांड्यावर, चढवला. मॉड्यूल चांगला आहे. पण मास्टवर जाईपर्यंत तो जे दाखवत होता त्यावर भरवसा ठेवता येत नव्हता, आणि त्यात दोष मॉड्यूलचा नव्हता.

लक्षण नेहमीचंच. जमिनीवर हेडिंग अगदी बरोबर. अल्टिट्यूड होल्डमध्ये ड्रोन शहाण्यासारखा उडतो. एकाच जागी थांबवून ठेवणारा लॉइटर लावला की मात्र आधी छोटी आणि मग मोठी होत जाणारी गोल चक्कर मारायला लागतो. याला टॉयलेट बोलिंग म्हणतात. जीपीएस सांगतो की आपण दक्षिणेला सरकलो, कंट्रोलर उत्तरेकडे ढकलायला जातो, पण त्याला ठाऊक असलेली उत्तर खऱ्या उत्तरेपासून ४० अंश फिरलेली असते. त्यामुळे प्रत्येक दुरुस्ती थोडी बाजूलाच जाते आणि ड्रोन गोल फिरतो.

अशा वेळी बहुतेक जण पुन्हा कॅलिब्रेशन करतात. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा करतात. त्याचा उपयोग का होत नाही, हे एकदा समजून घेतलेलं बरं. ड्रोन सगळीकडून फिरवताना कंट्रोलर ड्रोनसोबत फिरणारं स्थिर चुंबकत्व शोधतो: स्टीलचे स्क्रू, बझरमधला चुंबक, मोटरचे चुंबक. तेवढंच `COMPASS_OFS_X`, `_Y`, `_Z` मध्ये जातं आणि वजा होतं. त्या वेळी मोटर बंद असतात, म्हणजे बॅटरीच्या वायरमधून जेमतेम अर्धा-एक अँपिअर वाहत असतो. उडताना वाहणाऱ्या २० अँपिअरचं चुंबकीय क्षेत्र कॅलिब्रेशनने पाहिलेलंच नसतं, मग ते वजा कुठून होणार?

आकडे ढोबळ आहेत, पण डोळे उघडणारे आहेत. पृथ्वीचं क्षेत्र जागेनुसार साधारण २५ ते ६५ मायक्रोटेस्ला असतं. हेडिंग त्यातल्या आडव्या भागावरून निघतं. तो ३० धरू. एकाच लांब, सरळ वायरमधून २० अँपिअर जात असेल, तर ५ सेंमीवर ८० मायक्रोटेस्ला क्षेत्र तयार होतं. लाल वायरमधून जाणारा करंट काळ्या वायरमधून परत येतो आणि त्याचं क्षेत्र उलट असतं, म्हणून दोन्ही बरंचसं एकमेकांना मारतात. किती मारतात, ते दोघींमधल्या अंतरावर ठरतं. या फ्रेममध्ये पॉवर मॉड्यूलपासून वायर दोन बाजूंनी गेल्या होत्या, मधली फट ३ सेंमीची. त्यामुळे ५ सेंमीवर सुमारे ४८ मायक्रोटेस्ला उरत होते. तेच वायर घट्ट पिळून मधलं अंतर ५ मिमीवर आणलं की उरतात ८. हे ८ आडवे, काटकोनात पडले तरी हेडिंग फार तर १५ अंशांनी चुकतं. ४८ पडले तर जवळजवळ ६० अंशांनी.

दुसरा उपाय म्हणजे अंतर वाढवणं. वायरच्या जोडीचं क्षेत्र अंतराच्या वर्गाने कमी होतं, म्हणून पसरलेल्या वायर तशाच ठेवून कंपास १२ सेंमीवर नेला तरीही साधारण ८ च उरतात. म्हणजे एक फुकटचा पीळ इथे ७ सेंमीच्या मास्टइतकं काम करतो. दोन्ही केलं तर उत्तमच. मोटरकडे लोक उगाच संशयाने बघतात. तिच्या चुंबकांचे ध्रुव आलटूनपालटून बसवलेले असल्याने त्यांचं क्षेत्र लवकर विरतं, आणि मोटरच्या तीन वायरमधला करंट सतत दिशा बदलतो. मुख्य गुन्हेगार बॅटरीपासून मोटर चालवणाऱ्या ईएससीपर्यंतची डीसी वायर.

मोजायचं कसं? मिशन प्लॅनरमध्ये Setup → Optional Hardware → Compass/Motor Calib. प्रॉप उलटे करून प्रत्येक प्रॉप शेजारच्या मोटरवर सरकवायचा, म्हणजे हवा वर जाते आणि ड्रोन खाली दाबला जातो. तरीही तो बांधायचाच. थ्रॉटल हळूहळू ५० ते ७५ टक्क्यांपर्यंत न्यायचं, काही सेकंद धरायचं, मग शून्यावर आणायचं. चुंबकीय व्यत्ययाचा आलेला आकडा ३० टक्क्यांखाली असेल तर चालतं, ३० ते ६० म्हणजे काठावरचं, त्याच्या वर असेल तर कंपासची जागाच चुकली. इथे प्लेटवर ७१ आला, नुसत्या पिळाने २४, आणि १२ सेंमी मास्टनंतर ७.

या चाचणीतून कंट्रोलर भरपाईचे आकडेही काढतो (`COMPASS_MOT_X` वगैरे). करंट सेन्सर असेल तर ती भरपाई करंटनुसार होते. ७१ वर हीच भरपाई लावून उडायचा मोह होतो, तो आवरावा. एखादी वायर सेंमीभर हलली की भरपाई खोटी पडते, आणि बॅटरी बदलताना वायर हलतातच.

उडाल्यानंतरचा पुरावा लॉगमध्ये मिळतो. मॅव्हएक्सप्लोररमध्ये ही ओळ टाका:

```
graph sqrt(MAG[0].MagX**2+MAG[0].MagY**2+MAG[0].MagZ**2) BAT[0].Curr:2
```

पहिली रेघ एकूण क्षेत्राची, मिलिगॉसमध्ये (१० मायक्रोटेस्ला म्हणजे १०० मिलिगॉस). ती सपाट हवी. करंट वर गेला की तीही वर किंवा खाली जात असेल, तर दोष वायरचा. करंटशी काही संबंध न ठेवता ती ड्रोन वळवल्यावर बदलत असेल, तर कॅलिब्रेशनचा. एवढं ओळखता आलं की अर्धी डोकेदुखी संपते.

कॅलिब्रेशनला तसा वेळ लागत नाही. सळया असलेल्या काँक्रीटपासून आणि गाड्यांपासून लांब, खिशातला फोन व किल्ल्या बाजूला ठेवून, उडताना लावायची तीच बॅटरी जागेवर बसवून करायचं. नाक, शेपूट, डावी, उजवी, पोट, पाठ अशी एकेक बाजू जमिनीकडे करून पूर्ण फेरी. शेवटी रीबूट. पुन्हापुन्हा नापास होत असेल तर फिटनेसची मर्यादा Relaxed करून पास करून घेऊ नका. आधी जवळचं लोखंड शोधा. कंट्रोलरमधला आतला कंपास वायरच्या गराड्यात असतो. मास्टवरचा भरवशाचा असेल तर मिशन प्लॅनरच्या यादीत तो पहिला ठेवून आतल्याची Use Compass खूण काढून टाका.

मास्टच्या दोन तक्रारी आहेत. स्टीलचे स्क्रू आले होते. ते नायलॉनचे केले. चुंबकीय टोकाचा स्क्रूड्रायव्हरही तिथे नको, तो स्टीलच्या स्क्रूला चुंबक करून ठेवतो. दुसरी तक्रार घडीच्या बिजागराची. महिन्याभरात त्याची पकड ढिली झाली आणि वरचा मॉड्यूल ७-८ अंश फिरला. लॉगमधली रेघ तेव्हाही सपाटच, कारण क्षेत्राचं माप बदलत नाही, फक्त हेडिंग सरकतं. ड्रोन सरळ पुढे ढकलला तर जरासा तिरका जातो, एवढंच दिसतं. आता मॉड्यूल आणि प्लेट दोन्हींवर मार्करची एक रेघ आहे आणि उडण्याआधी ती जुळते का, ते पाहिलं जातं.