बँकेचा दर की ‘वॅक’? नवं मशीन घेण्याआधी कुठला आकडा लावायचा

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपच्या मालकानं गेल्या महिन्यात माझ्यासमोर ५० लाखांच्या व्हीएमसीचं, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशीनचं, कोटेशन ठेवलं. कास्टिंग मशीनिंगचंच काम, गिऱ्हाईकही जुनंच. कर भरून, पण व्याज न वजा करता, वर्षाला १४ लाख सुटतील असा त्याचा हिशोब होता. मशीन पाच वर्षं चालेल आणि शेवटी भंगाराचं काही धरायचं नाही. घातलेले ५० लाखही त्याच मिळकतीतून वसूल व्हायचे आहेत हे धरलं, तर त्याचा परतावा वर्षाला साधारण १२.४ टक्के येतो.

“काका, बँक साडेदहानं देतेय. मशीन बाराच्या वर कमावतंय. मग घ्यायचं की!”

आता मशीनच्या परताव्यानं ओलांडायचे दोन उंबरठे शेजारी ठेवू. एक बँकेचा दर, १०.५ टक्के. दुसरा भांडवलाचा भारित सरासरी खर्च, ज्याला बोलताना ‘वॅक’ म्हणतात. त्याच्या कंपनीचं मोल धरलं तर ४० टक्के कर्ज आणि ६० टक्के घरचं भांडवल आहे. व्याज करपात्र नफ्यातून वजा होतं, त्यामुळे २५.१७ टक्के करानंतर कर्ज ७.८६ टक्क्यांना पडतं. घरच्या पैशाला आम्ही १८ टक्के धरले. एवढीच जोखीम दुसरीकडे घेतली असती तर निदान एवढं मिळायला हवं होतं, म्हणून.

०.४ × ७.८६ + ०.६ × १८ = १३.९४, म्हणजे १४ टक्के. पुढे येणारी मिळकत या दोन दरांनी कमी करत आणून आजच्या पैशात मोजली, तर असं दिसतं.

| | बँकेचा दर १०.५% | वॅक १४% |
|---|---|---|
| पाच वर्षांच्या मिळकतीची आजची किंमत | ५२.४ लाख | ४८.१ लाख |
| ५० लाख वजा जाता | +२.४ लाख | −१.९ लाख |
| निकाल | घ्या | थांबा |

मशीन तेच, निकाल उलटे. माझं मत उजव्या रकान्याकडे आहे, आणि त्याचं कारण पुढच्या वर्षात दडलंय.

समजा, यंदा सगळे पैसे कर्जानं आणले. बँक कर्ज देते ती जुन्या मशीनरीकडे, जागेकडे आणि घरच्या भांडवलाकडे बघून. यंदा ती पत वापरून संपली की पुढच्या वर्षी ती हात आखडते, आणि नवीन कामाला खिशातलेच पैसे घालावे लागतात. तेव्हा १६ टक्क्यांचं काम आलं तर त्याच पद्धतीनं ते १८ च्या उंबरठ्यावर अडखळणार. म्हणजे यंदा १२ चं घेतलं आणि पुढच्या वर्षी १६ चं सोडलं! कुठल्या वर्षी पैसा कुठून आला, यावर कामाची लायकी ठरू लागली. एका मशीनच्या नावावर कर्ज लिहिलेलं असलं, तरी ते सगळ्या कंपनीच्या जिवावर मिळालेलं असतं. म्हणून दरही सगळ्या कंपनीचाच लावायचा.

ताळा करायचा तर असा करा. १०० रुपयांवर १२.४ रुपये आले. त्यातले ३.१४ कर्जाच्या ४० रुपयांच्या वाट्याचे. उरले ९.२६, तेही घरच्या ६० रुपयांवर, म्हणजे १५.४ टक्के. अठराची अपेक्षा होती, पंधरावर भागलं. तोटा बँकेला दिसत नाही, मालकाच्या पदरात पडतो.

वॅकही बिनचूक नाही. पहिली चूक वजनांची. ताळेबंदातलं भांडवल फार जुनं असतं. तिथल्या आकड्यांनी कर्ज ७० टक्के दिसलं, तर वॅक १०.९ वर येतो आणि हेच मशीन सुखानं पास होतं. म्हणून वजनं आजच्या मोलानं घ्यायची, धंदा चालू स्थितीत कुणी घेतला तर काय देईल त्यावर. दुसरी चूक जोखमीची. हा दर नेहमीच्याच कामापुरता आहे. उद्या तो हत्तरगीच्या बाजूला विमानांच्या सुट्या भागांत उतरायचं म्हणाला, तर १४ टक्के तिथे चालणार नाहीत. तिथल्या जोखमीचा दर वेगळा काढावा लागेल.

खरा वाद मात्र त्या १८ वर आहे. शेअर बाजारात नसलेल्या कंपनीला हा आकडा कुठेही छापून मिळत नाही. मालकाचे वडील म्हणाले, “पंधरा बास की.” पंधरा धरले तर वॅक १२.१ येतो आणि मशीन काठावर पास होतं. मी पंधराला राजी नव्हतो, कारण त्याची बरीचशी विक्री एकाच गिऱ्हाईकाच्या हातात आहे. ते गिऱ्हाईक हललं तर बँकेचा हप्ता तरी भरावा लागेल, मालकाला मात्र काही उरणार नाही.

मग आम्ही १४ टक्क्यांनीच उलटं मोजलं. वर्षाचे १४ लाख येणार असतील, तर मशीनला जास्तीत जास्त ४८ लाख मोजता येतात. तो आकडा कोटेशनच्या मागे लिहून घेऊन मालक डीलरकडे गेलाय.