‘एका बटणात इनपुट’ म्हणून विकलेला रिमोट: मी कसा फसवला गेलो

आमच्या टीव्हीला तीन गोष्टी जोडलेल्या आहेत: छतावरचा अँटेना, सेट-टॉप बॉक्स आणि एक व्हिडिओ प्लेअर. बॉक्स HDMI 1 वर, प्लेअर HDMI 2 वर. आईला ‘सोर्स’ दाबून यादीतून खाली-वर करणं जमत नाही, त्यामुळे नुसता चॅनल बदलायलाही ती कोणाची तरी वाट बघत बसायची. म्हणून दुरुस्तीच्या दुकानातल्या माणसाला घरी बोलावलं. त्याने ‘लर्निंग रिमोट’ आणला, अँटेना, बॉक्स आणि प्लेअर अशी तीन बटणं ‘थेट इनपुटची’ म्हणून लावून दिली आणि रिमोटच्या वर प्रोग्रामिंगचे वेगळे पैसे घेतले.

दाखवताना सगळं चोख चाललं. अँटेना, मग बॉक्स, परत अँटेना, मग प्लेअर, परत अँटेना. प्रत्येक वेळी मध्ये तो अँटेनाचं बटण दाबत होता, आणि खरी मेख तिथेच होती.

तो गेल्यावर आई बॉक्सवर मालिका बघत होती. तिने प्लेअरचं बटण दाबलं, तर पडद्यावर ‘सिग्नल नाही’. टीव्ही एव्ही इनपुटवर जाऊन थांबला होता, जिथे काहीच जोडलेलं नाही.

कारण असं. लर्निंग रिमोट मूळ रिमोटमधून निघणारा इन्फ्रारेड संकेत टिपतो आणि तसाच पुन्हा सोडतो. जे बटण मूळ रिमोटवर नाही, ते तो शिकणार कुठून? आमच्या मूळ रिमोटवर अँटेनाकडे नेणारं ‘टीव्ही’ बटण आहे, म्हणून ते एक बटण खरोखर थेट होतं. एचडीएमआयसाठी मात्र फक्त ‘सोर्स’ आहे. त्या माणसाने उरलेल्या दोन बटणांत दाबण्यांची मालिका भरली होती. आमची यादी टीव्ही, एव्ही, HDMI 1, HDMI 2 अशी आहे आणि ती उघडली की चालू इनपुटवरच खूण असते. प्लेअरच्या बटणात ‘सोर्स, तीनदा खाली, ओके’ होतं. अँटेनापासून तीन पायऱ्या उतरलं की HDMI 2 येतं. पण HDMI 1 वरून तीन पायऱ्या मोजल्या की HDMI 2, मग यादी फिरून टीव्ही, मग एव्ही.

हे त्याला माहीत होतं, नाहीतर प्रत्येक वेळी अँटेनावर परतला नसता. मालिकेच्या सुरुवातीला ‘टीव्ही’चा संकेत आणि थोडा थांबा टाकला असता, तर ती बरीच भरवशाची झाली असती. तेवढेही कष्ट त्याने घेतले नाहीत. फोन केल्यावर म्हणाला, ‘तुमचा टीव्हीच जुना आहे.’ बिलावर फक्त ‘रिमोट’ लिहिलेलं होतं, त्यामुळे थेट इनपुटचं आश्वासन दाखवायला माझ्याकडे कागद नव्हता. याचा मला आजही राग येतो, कारण आई दोन दिवस स्वतःलाच दोष देत होती.

असा रिमोट घेणार असाल, तर पैसे देण्याआधी एकच बटण दोनदा दाबून बघा. थेट संकेत असेल तर दुसऱ्यांदा दाबल्यावरही चित्र त्याच इनपुटवर राहतं. मालिका असेल तर यादी पुन्हा उघडते आणि चित्र पुढे सरकतं. मग तिन्ही इनपुटवर एकेकदा उभे राहून उरलेली दोन बटणं स्वतः दाबा, विकणाऱ्याच्या हातात रिमोट देऊ नका. काही टीव्ही प्रत्येक एचडीएमआयचा वेगळा संकेत ओळखतात, भले त्यांच्या रिमोटवर ते बटण नसेल. तसा संकेत भरलाय असा दावा असेल, तर तोही याच चाचणीत उघडा पडतो.

आमचं काम शेवटी बरंचसं फुकटात झालं. एचडीएमआय केबलमधूनच जोडलेली उपकरणं एकमेकांना संदेश पाठवू शकतात, त्याला सीईसी म्हणतात. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ते कंपनीनुसार Anynet+, SIMPLINK, BRAVIA Sync अशा नावांनी दिसतं आणि बऱ्याचदा बंद असतं. टीव्हीत आणि उपकरणात, दोन्हीकडे ते चालू केलं. आता बॉक्स चालू केला की टीव्ही आपोआप HDMI 1 वर येतो, प्लेअर चालू केला की HDMI 2 वर. मात्र सगळ्या बॉक्समध्ये ही सोय नसते, आणि बॉक्स लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरीने जोडला असेल तर ती चालतच नाही. अँटेनाच्या वायरीतूनही असा संदेश जात नाही, तिथे ‘टीव्ही’ बटणच लागतं. त्या लर्निंग रिमोटवर मी अँटेनाचं बटण तेवढं ठेवलं आणि उरलेल्या दोन बटणांत बॉक्सचं आणि प्लेअरचं चालू करण्याचं बटण शिकवलं. उपकरण आधीच चालू असेल तर ते बटण त्याला बंद करतं, म्हणून आईला आधी पडदा बघायला सांगितलंय.