दृष्टीआड सृष्टी की नजरेआड माणूस? प्रेमाची म्हण मराठीत आणताना

एका फ्रेंच कथेत साखरपुडा झालेल्या मुलीचा होणारा नवरा कामासाठी दूरच्या शहरात गेला आहे, त्याची पत्रे कमी होत चालली आहेत आणि मुलीची मावशी सुस्कारा टाकून म्हणते, 'डोळ्यांपासून लांब, काळजापासून लांब', असे समजा. ही फ्रेंचमधली रुळलेली म्हण आहे, आणि जर्मन व रशियन भाषांतही तिची भावंडे आहेत. जळगावात बसून ही कथा मराठीत आणणाऱ्यापुढे तीन वाटा असतात : शब्दशः भाषांतर करावे, तयार मराठी म्हण घ्यावी किंवा म्हणीसारखे वाटेल असे नवे वाक्य घडवावे.

शब्दशः भाषांतर अर्थाने चुकत नाही, पण मावशी ते म्हणणार नाही. 'डोळ्यांपासून लांब' हे मराठीत अंतर मोजल्यासारखे वाटते. आपल्याकडे माणूस डोळ्यांपासून लांब जात नाही, तो नजरेआड होतो.

म्हणून हात आपोआप 'दृष्टीआड सृष्टी'कडे जातो, आणि खरी फसगत इथेच होते. ही म्हण आपण केव्हा वापरतो ते आठवावे. धुळ्याच्या रस्त्यावरील एखाद्या ढाब्यावर शेवभाजीची चव जमून आलेली असते, कोणीतरी उठून भटारखान्यात डोकावू लागतो आणि दुसरा त्याला थांबवतो, 'बस रे, दृष्टीआड सृष्टी.' म्हणजे पडद्यामागे काही बरे चाललेले नसेल, पण ते पाहिले नाही तर त्रास नाही. हा विसरण्याचा नव्हे, न पाहण्याचा सल्ला आहे. स्पॅनिशमधली 'जे डोळे पाहत नाहीत, ते काळजाला जाणवत नाही' ही म्हण नेमकी याच कामाला येते आणि जोडीदाराच्या लपवाछपवीबद्दलही वापरली जाते. तिच्यासाठी 'दृष्टीआड सृष्टी' निःशंक घ्यावी. फ्रेंच म्हणीत मात्र लपवण्यासारखे काहीच नाही. तिथे आठवण विरत जाते, एवढेच.

हा फरक कागदावर बारीक वाटतो, पण कथेत तो महागात पडतो. तो ओळखण्याची एक साधी रीत मी वापरतो : प्रसंग आपल्या गावी आणायचा आणि ऐकणारी काय उत्तर देईल ते पाहायचे. मुलगी नंदुरबारची आहे, मुलगा सुरतला कापडाच्या कामावर गेला आहे. मावशी 'दृष्टीआड सृष्टी' म्हणाली, तर मुलगी दचकून विचारेल, 'का, तिकडे काय चाललंय त्याचं?' मूळ कथेत नसलेला संशय अनुवादकाने तिच्या डोक्यात घातला. उलट 'नजरेआड झाला, मनाआड झाला' असे म्हटले, तर ती म्हणेल, 'तो तसा नाही, मावशी.' मूळ म्हणीला हेच उत्तर अपेक्षित होते. त्यामुळे या जागी मी तिसरी वाट घेईन. या वाक्यात म्हणीला लागणारा दोन तुकड्यांचा तोल आहे आणि 'आड' दोनदा आल्याने ते कानाला जुने वाटते. 'नजरेआड गेला, मनातून उतरला' हेही सुचेल, पण मनातून उतरतो तो माणूस काही वाईट वागल्यामुळे. इथे मुलाने तसे काही केलेले नाही.

इंग्रजीतली 'विरहाने माया वाढते' अशा आशयाची म्हण याच्या अगदी उलट बोलते. तिच्यासाठी मराठीत आपण सहज वापरतो ते संस्कृतातले 'अतिपरिचयादवज्ञा', पण ते नाण्याची दुसरी बाजू सांगते : फार जवळीक झाली की किंमत राहत नाही. सासुरवाडीला वरचेवर जाणाऱ्या जावयाला ते चपखल बसते, स्टेशनवर निरोप देणाऱ्या प्रेयसीच्या तोंडी मात्र टोमणा होईल. 'दुरून डोंगर साजरे' तर नकोच, कारण तिच्यात दुरून दिसलेले सौंदर्य खोटे ठरते.

शब्दशः वाट कायमची बाद करावी असे मात्र नाही. सतराव्या शतकातल्या बुसी-राब्युतँ या फ्रेंच लेखकाची उक्ती अशी आहे की आगीला जसा वारा, तसा प्रेमाला विरह; लहान आग तो विझवतो, मोठी भडकवतो. ही प्रतिमा मराठी वाचकाला समजावून द्यावी लागत नाही, कारण वणव्याचा सखा होणारा आणि दिवा विझवणारा वारा शाळेतल्या 'वनानि दहतो वह्नेः सखा भवति मारुतः' या सुभाषितातून त्याला भेटलेला असतो. फक्त ते सुभाषित प्रेमाबद्दल नाही. दुबळ्याचा कोणी मित्र नसतो, हे त्याचे सांगणे आहे. म्हणून सुभाषित पर्याय म्हणून बसवू नये, तर फ्रेंच वाक्यच जसेच्या तसे आणावे आणि त्यातला 'विरह' हा शब्द मुळीच गाळू नये, नाहीतर वाचक सवयीने दुबळ्याच्या मैत्रीकडे वळेल.